न मिळालेल्या दहा लाखांवरचा कर

“स्टँप ड्युटी खरेदीदार भरतो. सरकारी भाव जास्त निघाला तर ती त्याची डोकेदुखी. माझ्या खात्यात आले चाळीस लाख, मी कर भरणार चाळीस लाखांच्या हिशेबाने.” प्लॉट विकून झाल्यावर करसल्लागाराकडे येणारे बरेच विक्रेते हे वाक्य इतक्या ठामपणे म्हणतात, की ते ऐकून कायदाच बदलला असावा असे वाटावे. कायदा बदललेला नाही. विक्रेत्याने स्टँप ड्युटीचा एक रुपया भरला नसला तरी ती ज्या मूल्यावर आकारली गेली, ते मूल्य त्याच्या आयकराच्या हिशेबात येऊन बसते. आणि हे त्याला कळते ते दस्त नोंदवून वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर, नोटीस आली की.

महाराष्ट्रात दस्त नोंदवला की सूची क्रमांक दोन मिळते. सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. तिच्यात एका रकान्यात ‘मोबदला’ असतो आणि त्याच्याच खाली ‘बाजारभाव’. मोबदला म्हणजे दोघांनी ठरवलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्त्यावरून, अर्थात रेडी रेकनरवरून, दुय्यम निबंधक कार्यालयात निघालेले मूल्य. या दोहोंपैकी जी रक्कम मोठी तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्या बाजारभावाच्या रकान्याशी विक्रेत्याचाही संबंध आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. एजंट तर नाहीच नाही.

हा संबंध जोडते आयकर कायद्याचे कलम ५०-सी. वित्त कायदा २००२ ने ते आणले आणि २००३-०४ या आकारणी वर्षापासून ते लागू झाले. जमीन किंवा इमारत ही भांडवली मालमत्ता विकताना करारातली रक्कम मुद्रांक शुल्कासाठीच्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर भांडवली नफा मोजताना ते मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत मानायचे, असे हे कलम सांगते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण हे तत्त्व नव्या कायद्यातही आहे. जुन्या वर्षांच्या प्रकरणांत जुनेच क्रमांक चालतात आणि लोकांच्या तोंडीही तेच आहेत, म्हणून इथे तेच वापरले आहेत.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न असा : “आम्ही वरचे पैसे घेतले, हे खात्याने आधी सिद्ध करायला नको का?” एके काळी करावे लागत होते. तेव्हाच्या कलम ५२(२) वर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल दिला, की दाखवलेल्या रकमेपेक्षा विक्रेत्याला प्रत्यक्षात जास्त पैसे मिळाले, हे दाखवण्याची जबाबदारी खात्याची आहे. तो निकाल आजही अनेकजण हुकमाच्या पानासारखा टेबलावर टाकतात. पण ५०-सी ची रचनाच वेगळी आहे. काळा पैसा घेतला असा आरोप ते करत नाही, म्हणून तो सिद्ध करण्याचा प्रश्नही येत नाही. ते फक्त किंमत गृहीत धरते. ही तरतूद घटनाबाह्य असल्याचा दावाही झाला होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो फेटाळला. हे गृहीतक खोडून काढण्याची संधी कायद्यानेच करदात्याला दिली आहे, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. ती संधी कोणती, ते पुढे येईलच.

आधी आकडे पाहू. समजा, नाशिकमधला एक एनए प्लॉट मालकाने मे २०१५ मध्ये १५ लाखांना घेतला आणि जून २०२५ मध्ये ४० लाखांना विकला. प्लॉटच्या एका बाजूवरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाते, त्यामुळे तेवढा पट्टा बांधकामाला निरुपयोगी. म्हणून गिऱ्हाईक ४० च्या वर सरकले नाही. रेडी रेकनरला वीजवाहिनी दिसत नाही. त्याने त्या विभागाचा दर लावला आणि बाजारभाव काढला ५० लाख.

मालकाच्या मते नफा २५ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर आणि त्यावर चार टक्के उपकर, मिळून ३ लाख २५ हजार. कायद्याच्या मते विक्री ५० लाखांची, म्हणजे नफा ३५ लाख आणि कर ४ लाख ५५ हजार. (जमीन २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असल्याने महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही तपासता येतो. पण या प्रकरणात तो महाग पडतो. करमाफीसाठी गुंतवणूक केलेली नाही, असेही इथे धरले आहे.) प्रत्यक्षात न मिळालेल्या दहा लाखांसाठी विक्रेत्याला १ लाख ३० हजार रुपये जास्त द्यावे लागतात.

आता खरेदीदाराकडे वळू, कारण ‘ती त्याची डोकेदुखी’ हे वाक्य अर्धे खरे आहे. १ एप्रिल २०१७ पासून लागू असलेले कलम ५६(२)(एक्स) म्हणते, की मालमत्ता मुद्रांक मूल्यापेक्षा स्वस्त मिळाली आणि फरक ५० हजार रुपये किंवा मोबदल्याच्या दहा टक्के यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर तो संपूर्ण फरक हे खरेदीदाराचे उत्पन्न. इथे मर्यादा ४ लाखांची आणि फरक १० लाखांचा. खरेदीदार तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह ३ लाख १२ हजार रुपये त्याच्या डोक्यावर. दोघांचे मिळून ४ लाख ४२ हजार. हे दहा लाख ना याच्या खिशात गेले, ना त्याच्या खिशातून आले, तरी कर दोन्हीकडून वसूल होतो. खरेदीदाराला एवढाच दिलासा, की ज्या रकमेवर त्याने असा कर भरला ती पुढे त्याच्या खरेदी किमतीत धरली जाते. उद्या त्याने हाच प्लॉट विकला तर त्याची खरेदी ४० ची नव्हे, ५० लाखांची.

“पण दहा टक्क्यांची सूट आहे ना!” हा या विषयातला दुसरा लोकप्रिय गैरसमज. आणि तो पसरवणारे अनेकदा अर्धवट माहिती असलेले जाणकारच असतात. २०१९-२० या आकारणी वर्षापासून पाच टक्के आणि २०२१-२२ पासून दहा टक्के फरक चालवून घेतला जातो, हे बरोबर आहे. पण ही वजावट नाही. ५० लाखांतून दहा टक्के काढून उरलेल्यावर कर, असा हिशेब कुठेही नाही. मुद्रांक मूल्य मोबदल्याच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर करारातली रक्कम मान्य. त्याच्या वर एक रुपया गेला तर पूर्ण मुद्रांक मूल्य. ४० लाखांच्या करारात बाजारभाव ४४ लाख निघाला तर विक्री ४० लाखांचीच. ४४ लाख १ हजार निघाला तर विक्री ४४ लाख १ हजारांची. हजार रुपयांनी रेषा ओलांडली आणि करपात्र नफा चार लाखांनी फुगला. शिवाय दहा टक्के मोजायचे ते कराराच्या रकमेवर, बाजारभावावर नाही. आयटीआर-२ मधल्या भांडवली नफ्याच्या पानावर मिळालेला मोबदला आणि मुद्रांक मूल्य असे दोन आकडे मागितले जातात आणि याच १.१० पटीच्या नियमाने तिसरा ठरतो.

ही रेषा कोणत्या तारखेच्या दराने तपासायची, याबाबतही गोंधळ आहे. “साठेखत केले तेव्हाचा दर धरायचा,” असे बिनधास्त सांगितले जाते. धरता येतो, पण अट पाळली असेल तरच. महाराष्ट्रात रेडी रेकनरचे दर २०२२ नंतर दोन वर्षे जागचे हलले नव्हते. १ एप्रिल २०२५ ला ते राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले. समजा, एका प्लॉटचे साठेखत फेब्रुवारी २०२५ मध्ये ४५ लाखांना झाले. तेव्हाचे मूल्य ४८ लाख ८० हजार, म्हणजे साडेएकोणपन्नास लाखांच्या मर्यादेत. खरेदीखत झाले मे मध्ये. त्या विभागाचा दर चार टक्क्यांनी वाढला असेल तर मूल्य ५० लाख ७५ हजार, म्हणजे मर्यादेबाहेर. फेब्रुवारीचा दर धरायचा तर साठेखतात रक्कम ठरलेली हवी आणि मोबदल्याचा काही भाग त्या तारखेला किंवा त्याआधी बँकेमार्फत आलेला हवा. अकाउंट पेयी धनादेश, अकाउंट पेयी डिमांड ड्राफ्ट किंवा इलेक्ट्रॉनिक हस्तांतर, काहीही चालेल. २०१६ च्या वित्त कायद्याने ही सवलत दिली आणि अटही तिच्याबरोबरच आली. विसार म्हणून ५१ हजार रोख हातावर ठेवले, फोटो काढला, पेढे वाटले आणि चेक दिला दहा दिवसांनी, तर साठेखताची तारीख करासाठी निरुपयोगी. कराराच्या आदल्या दिवशी आलेल्या एका एनईएफटीने जे साधते ते नंतरच्या कितीही युक्तिवादांनी साधत नाही.

आता ती संधी. वीजवाहिनीखालच्या प्लॉटचा खरा भाव रेडी रेकनरपेक्षा कमी आहे, हे मालकाला सांगता येते आणि कायदा ते ऐकून घेतो. आकारणी सुरू असताना त्याने आयकर अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, की मुद्रांक मूल्य वास्तव बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे आणि प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवावे. मूल्यांकन अधिकारी जागा पाहतो, आसपासचे व्यवहार पाहतो आणि स्वतंत्र आकडा काढतो. त्याचा आकडा मुद्रांक मूल्यापेक्षा कमी असेल तर तो घेतला जातो. जास्त असेल तर मुद्रांक मूल्यच कायम राहते. म्हणजे मागणी केल्याने कर वाढण्याची भीती नाही. तरी असंख्य करदाते ही मागणीच करत नाहीत, नुसतेच ‘अन्याय, अन्याय’ करत बसतात. नाशिकच्या प्लॉटचे मूल्य मूल्यांकन अधिकाऱ्याने ४६ लाख ठरवले, तर नफा ३१ लाख आणि कर ४ लाख ३ हजार. म्हणजे विक्रेत्याचे ५२ हजार वाचले. हाच मार्ग खरेदीदारालाही खुला असतो.

कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तर असे म्हटले, की करदात्याने स्पष्ट शब्दांत मागणी केली नसली तरी अधिकाऱ्याने प्रकरण मूल्यांकनासाठी पाठवायला हवे होते. त्या निकालाच्या भरवशावर गप्प बसणे मात्र शहाणपणाचे नाही. जागेचा दोष कागदावर असावा लागतो. वीजवाहिनी असेल तर वीज कंपनीचे पत्र आणि मोजणी नकाशा, आरक्षण असेल तर विकास आराखड्याचा उतारा, वाट नसेल किंवा दावा चालू असेल तर त्याचे कागद. जोडीला त्याच परिसरातल्या, त्याच सुमाराच्या दोन-तीन व्यवहारांच्या इंडेक्स टू आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, शक्यतो विक्रीच्या वेळीच करून घेतलेला. दोन वर्षांनी नव्या मालकाने तिथे कुंपण घालून गाळे उभे केले, की जुनी अवस्था दाखवणे कठीण होते.

यात एक खाच आहे. मुद्रांक मूल्याविरुद्ध मुद्रांक कायद्याखाली अपील किंवा तत्सम दाद मागितली असेल, तर आयकरात मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाण्याचा हा रस्ता बंद होतो. तिथे मूल्य कमी झाले तर आयकराची आकारणी त्यानुसार दुरुस्त होते, हे खरे. पण दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. खरेदीदाराने स्टँपची बाजू लढवायला सुरुवात केली असेल, तर विक्रेत्याला ते आधी ठाऊक असायला हवे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी आहे. इथे गैरसमज दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो, “अजून इमारतच नाही, मग ५०-सी कसले?” दुसरा म्हणतो, “करार नोंदवलाय ना, मग सुटका नाही.” दोघेही घाईत आहेत.

पहिल्या गटाच्या म्हणण्यात तथ्य आहे. कलमाचे शब्द आहेत जमीन, इमारत किंवा दोन्ही. त्यांतले ‘हक्क’ कुठेही लिहिलेले नाहीत. बुकिंग केलेल्या माणसाकडे असतो तो भविष्यात फ्लॅट मिळण्याचा हक्क. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये अशा बुकिंगच्या हक्काला ५०-सी लागू होत नाही असे ठरवले. हाच धागा जमिनीच्या भाडेपट्ट्यातही दिसतो. नवी मुंबईतल्या सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या प्लॉटबाबत मुंबईच्या न्यायाधिकरणाने २०११ मध्ये भाडेपट्ट्याचे हक्क म्हणजे जमीन नव्हे असे म्हटले आणि ग्रीनफिल्ड हॉटेल्स अँड इस्टेट्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याच मुद्द्यावरचे खात्याचे अपील दाखल करून घेतले नाही.

पण यावर विसंबून आकडे ठरवणे धोक्याचे आहे, कारण सगळे अवलंबून असते ते नेमके काय विकले यावर. पाया भरला जात असताना हक्क सोडणे आणि भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, किल्ली हातात घेऊन फ्लॅट विकणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या प्रसंगी इमारत उभी आहे आणि ५०-सी सरळ लागू होते, मग दस्ताला हक्क हस्तांतराचा करार असे नाव दिले तरी फरक पडत नाही. मधल्या अवस्थेत, म्हणजे स्लॅब पडलेत पण ताबा नाही अशा वेळी, वाद होतो. तो करावा लागेल हे धरूनच चालावे.

खरी चूक होते ती आकड्यांच्या मांडणीत. एका फ्लॅटची एकूण किंमत ८० लाख. पहिल्या ग्राहकाने बिल्डरला ४५ लाख भरलेत, ३५ लाखांचे हप्ते बाकी. तो आपला हक्क नव्या ग्राहकाला ५० लाखांना देतो, बिल्डर ना-हरकत देतो आणि बाकीचे ३५ लाख नवा ग्राहक बिल्डरला भरणार. नोंदणी कार्यालय मात्र बाजारभाव काढते तो संपूर्ण तयार फ्लॅटचा, समजा ८२ लाख. त्रिपक्षीय दस्तात मोबदला म्हणून नुसते ५० लाख लिहिले, तर कागदावर ५० विरुद्ध ८२ असे भयानक चित्र दिसते. वस्तुतः नव्या ग्राहकाला फ्लॅट पडतोय ८५ लाखांना. दस्तात विक्रेत्याला मिळालेली रक्कम, बिल्डरला आधी दिलेली आणि यापुढे द्यायची रक्कम वेगवेगळी आणि स्पष्ट लिहिली असेल, तर तुलना सारख्याची सारख्याशी होते आणि नोटिशीला उत्तर देता येते.

फ्लॅट किती काळ जवळ होता, हा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. वाटप पत्राची तारीख धरायची की नोंदणीकृत कराराची? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वाटप पत्राची तारीख ग्राह्य धरली. आधी हक्कांना ३६ महिने आणि जमीन-इमारतीला २४ महिने असा फरक होता. २३ जुलै २०२४ पासून हक्कांनाही २४ महिनेच लागतात, त्यामुळे ती जुनी भांडणे बरीच निवली.

उरलेले गैरसमज चटकन.

“खात्याला कळणार कसे?” तीस लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते आणि ती विक्रेत्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते.

“करार पन्नास लाखांच्या आत आहे, टीडीएस नाही.” १ एप्रिल २०२२ पासून मोबदला आणि मुद्रांक मूल्य या दोन्ही रकमा ५० लाखांच्या आत हव्यात आणि एक टक्का कापायचा तो मोठ्या रकमेवर. वरच्या नाशिकच्या व्यवहारात बाजारभाव बरोबर ५० लाख आहे, म्हणून करार ४० लाखांचा असूनही खरेदीदाराने ५० हजार रुपये कापून भरायला हवेत.

“खरेदी बायकोच्या नावावर होती, शुल्कात एक टक्का सवलत मिळाली.” सवलत शुल्काच्या दराला मिळते. बाजारभावाचा आकडा तसाच राहतो आणि आयकर तोच पाहतो.

“बाजारभाव कमी निघाला, मग त्यावरच कर भरू.” नाही. करारातली रक्कम मोठी असेल तर तीच विक्रीची किंमत.

“भावालाच स्वस्तात दिला, घरचाच तर व्यवहार.” भाऊ कायद्याने नातेवाईक असल्याने खरेदीदार म्हणून त्याच्यावर ५६(२)(एक्स) ची आकारणी होत नाही. विकणाऱ्या भावाला मात्र तशी कोणतीही सवलत नाही. प्लॉट बक्षीसपत्राने दिला असता तर देणाऱ्याला भांडवली नफ्याचा करच लागला नसता. निम्म्या किमतीला विकल्यावर तो पूर्ण बाजारभावाने लागतो.